चिठ्ठीपासून पत्रकापर्यंत: बडोद्यातील ज्येष्ठ रुग्णांसाठी सोप्या गुजरातीतील औषधसूचना (प्रकल्प नोंदी)

३ जून

बडोद्याच्या जुन्या शहरातील एका धर्मादाय दवाखान्यात आजपासून हे काम सुरू झाले. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असते आणि औषध केव्हा घ्यायचे हे तिच्यात ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस अशा लॅटिनमधून आलेल्या आद्याक्षरांनी किंवा १-०-१ अशा आकड्यांनी लिहिलेले असते. ती वाचून रुग्णाच्या हाती गुजराती लिपीतील एक पानी पत्रक द्यायचे आहे. आम्ही तिघे आहोत. मी फार्मासिस्ट आहे. घरात मराठी आणि दुकानात गुजराती, असे बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे माझेही आयुष्य गेले. दुसऱ्या एक निवृत्त गुजराती शिक्षिका आहेत, ज्यांना सगळे बेन म्हणतात, आणि तिसरे दवाखान्याचे डॉक्टर. या नोंदी मराठीत ठेवत असल्यामुळे गुजराती वाक्ये इथे देवनागरीत येतील. रुग्णांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पहिल्याच बैठकीत एक मर्यादा ठरवून घेतली. पत्रक करणारा माणूस चिठ्ठीत नसलेली वेळ, मात्रा किंवा पथ्य स्वतःहून भरणार नाही. चिठ्ठी अपुरी वाटली, तर प्रश्न लिहून डॉक्टरांकडे पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत पत्रक रुग्णाला द्यायचे नाही. डॉक्टरांनी हसून विचारले की त्यांना किती प्रश्न येतील. त्या वेळी त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

६ जून

आज १-०-१ या खुणेवर बराच वेळ गेला. आम्हा औषधवाल्यांना ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही अवघड असेल असे वाटत नाही. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. पण दवाखान्यात बसलेल्या एका काकांना ती वाचायला दिली तेव्हा त्यांनी 'एकसो एक' वाचले आणि पुढे काही विचारले नाही. त्याहून धोक्याचा आहे तो अर्धा. १/२ असे लिहिले की 'एक के बे', म्हणजे एक किंवा दोन गोळ्या, असा अर्थ होऊ शकतो, आणि ०.५ मधला टिंब झेरॉक्समध्ये पुसट झाला तर पाच उरतात. त्यात भर म्हणजे गुजराती एकाचा आकार इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ज्येष्ठांच्या घरात दोन्ही आकडे चालू असतात, कारण शाळेत ते गुजराती अंक शिकले आणि फोन, बिल, औषधाची पट्टी यांवर इंग्रजी अंक असतात.

म्हणून गोळ्यांची संख्या आकड्यांत लिहायचीच नाही, अक्षरांत लिहायची असे ठरले: 'एक गोळी', 'अडधी गोळी', 'दोढ गोळी'. मिलिग्रॅमचा आकडा मात्र पट्टीवर जसा छापला आहे तसाच, इंग्रजीत, औषधाच्या नावाशेजारी ठेवायचा, कारण तो वाचण्यापेक्षा पट्टीशी ताडून पाहण्यासाठी असतो.

११ जून

वेळेचे शब्द घेऊन बेन आणि मी बसलो. 'सवारे, बपोरे, सांजे, रात्रे' हे चार शब्द वरवर पुरेसे वाटतात, पण औषधाची वेळ घड्याळापेक्षा जेवणाशी आणि झोपेशी अधिक बांधलेली असते, आणि 'रात्रे' या एका शब्दात जेवण आणि झोप दोन्ही येतात. चिठ्ठीतला एचएस म्हणजे झोपताना, तर १-०-१ मधला शेवटचा एक बहुधा रात्रीच्या जेवणाबरोबरचा. दोन्ही ठिकाणी नुसते 'रात्रे' लिहिले, तर जेवणाआधीची मधुमेहाची गोळी कोणी अंथरुणावर बसून घेईल आणि तिच्यापाठोपाठ पोटात काहीच जाणार नाही. म्हणून आता 'रात्रे जमतां पहेलां' आणि 'रात्रे सूती वखते' असे पूर्णच लिहायचे. नुसता 'रात्रे' कुठेही येणार नाही.

रिकाम्या पोटासाठी मी 'भूख्या पेटे' लिहिले होते, कारण छापील गुजराती पत्रकांत ते दिसते. बेन म्हणाल्या की त्यांच्या सासूबाईंनी याचा अर्थ 'भूक लागेल तेव्हा' असा घेतला असता. ज्येष्ठांच्या बोलण्यातला शब्द आहे 'नरणा कोठे', म्हणजे सकाळी तोंडात काहीही घालण्यापूर्वी, आणि तो आजीआजोबांना लगेच कळतो. फक्त तो सकाळपुरताच आहे. जेवणानंतर दोन तासांनी घ्यायच्या औषधाला तो चालत नाही, तिथे 'जम्या पछी बे कलाक' असेच लिहावे लागेल.

पण 'नरणा कोठे' लिहूनही चहाचा प्रश्न उरतोच. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नसते, कारण अन्नाने, दुधाने आणि कॉफीने ती आतड्यात कमी शोषली जाते. आमच्याकडच्या बऱ्याच बा, म्हणजे वयस्कर बायका, सांगतात की गोळी नरणा कोठेच घेतो, आणि पुढे विचारले की कळते, गोळी गिळली ती दूध घातलेल्या चहाच्या घोटाबरोबर. त्यांच्या हिशेबात चहा म्हणजे खाणे नव्हे. त्यामुळे पत्रकात चहाचे नाव घ्यावेच लागते: 'सवारे नरणा कोठे, सादा पाणी साथे एक गोळी. ते पछी अडधा कलाक सुधी चा पण नहीं.' या वाक्यातला 'चा पण नहीं' हा तुकडा चिठ्ठीत नाही, तरी तो चिठ्ठीच्या अर्थाबाहेरचाही नाही. असे तुकडे डॉक्टरांकडून एकदा मंजूर करून घेऊन त्यांची वेगळी यादी ठेवत आहोत.

१४ जून

चित्रांचा पहिला नमुना आला. सकाळसाठी उगवता सूर्य आणि संध्याकाळसाठी मावळता सूर्य काढला होता. दोन्ही क्षितिजावरचे अर्धे गोळेच. कोणता कोणता हे चित्रकारालाही सांगता आले नाही. सकाळसाठी चहाचा कप, दुपारसाठी भरलेली थाळी आणि झोपतानासाठी खाट, अशी चित्रे मागवली आहेत.

२१ जून

आज एका बांचे पत्रक पूर्ण करायला घेतले. त्यांचा तपशील सविस्तर लिहितो, कारण हे काम नेमके कुठे अडते ते त्यात दिसते. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड. चिठ्ठीत पाच औषधे आहेत: लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सकाळी रिकाम्या पोटी, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम एसआर यांची एकत्र गोळी, १-०-१, जेवणाआधी, अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सकाळी, कॅल्शियम सकाळी नाश्त्यानंतर, आणि ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम झोपताना.

शब्दाला शब्द ठेवला असता तर पत्रक वीस मिनिटांत झाले असते. आम्ही आधी त्यांचा दिवस विचारला. त्या जैन आहेत, नवकारशी आणि चोविहार पाळतात. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही. चोविहार म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. मग झोपताना घ्यायची गोळी गिळायची कशी? त्या ती गोळी सहा महिने घेतच नव्हत्या. त्यांनी हे डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण डॉक्टरांनी विचारले नव्हते, आणि घरच्यांच्या समजुतीने औषध चालू होते, कारण पट्ट्या दर महिन्याला आणल्या जात होत्या.

त्यांचा दिवस असा: नवकारशी पार पडल्यावर चहा आणि खाखरा, अकराच्या सुमारास मुख्य जेवण, तीनला चहा, सूर्यास्ताआधी संध्याकाळचे जेवण, साडेनऊला झोप. या दिवसावर चिठ्ठी ठेवून पाहिल्यावर डॉक्टरांसाठी तीन प्रश्न निघाले. कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी यांच्यात चार तासांचे अंतर हवे, पण नाश्ता थायरॉइडच्या गोळीनंतर तासाभरातच होतो. तर कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर हलवावे का? ॲटोरव्हास्टॅटिन सूर्यास्ताआधीच्या जेवणाबरोबर चालेल का? आणि उपवास, एकासणे म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, किंवा आयंबिल म्हणजे एकदाच आणि तेही तूप-तेल-मसाल्याविना जेवण, असेल त्या दिवशी मधुमेहाच्या गोळीचे काय?

२४ जून

उत्तरे आली. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. ॲटोरव्हास्टॅटिनचा परिणाम शरीरात दीर्घ काळ टिकत असल्याने ते दिवसाच्या कोणत्याही ठरावीक वेळी घेता येते, त्यामुळे संध्याकाळच्या जेवणाबरोबर चालेल. डॉक्टरांनी चिठ्ठीत तशी दुरुस्ती करून सही केली. ही दुरुस्ती पत्रकात करून भागत नाही, चिठ्ठीतच व्हावी लागते. अन्यथा पुढच्या महिन्यात दुसरा कोणी जुनी चिठ्ठी पाहून पत्रक पुन्हा मूळ जागी नेईल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत कठीण होते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि ती गोळी घेऊन जेवण झाले नाही तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. वयस्कर माणसात, विशेषतः मूत्रपिंड मंदावलेले असेल तर, हा धोका अधिक असतो. आमच्या पहिल्या मसुद्यात होते: 'उपवासना दिवसे डॉक्टरने पूछ्या विना डायाबिटीसनी गोळी लेवी नहीं अने बंध पण करवी नहीं.' कायदेशीर दृष्टीने वाक्य निर्दोष, आणि सकाळी हातात गोळी घेऊन उभ्या असलेल्या बाईला निरुपयोगी, कारण त्यात दोन्ही बाजूंनी मनाई आहे आणि करायचे काय ते नाही. नवे वाक्य असे केले: 'उपवास, एकासणुं के आयंबिल करवानुं नक्की थाय, तो आगला दिवसे दवाखाने फोन करवो', म्हणजे आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करायचा. फोन घेणाऱ्या परिचारिकेकडे डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णासाठी लिहून दिलेली सूचना असेल. जबाबदारी अशी रुग्णाकडून दवाखान्याकडे आली, आणि ती तिथेच असायला हवी, असे माझे मत आहे.

साखर उतरल्याच्या खुणा आम्ही पत्रकाच्या तळाशी ठळक चौकटीत घेतल्या: परसेवो, ध्रुजारी, चक्कर, गभरामण, म्हणजे घाम, थरथर, चक्कर आणि जीव घाबरणे. त्याखाली 'तरत खांडवाळुं पाणी पीवुं अने घरमां कहेवुं.' इथे बांनी स्वतःच विचारले की हे सूर्यास्तानंतर झाले तर. पच्चक्खाणात, म्हणजे व्रताच्या संकल्पात, आगार म्हणजे सवलती असतात आणि प्रकृती अतिशय बिघडली तर औषधाची सवलत त्यांत आहे, एवढे मला ठाऊक होते, पण ते सांगणे माझे काम नव्हते. त्यांच्या मुलाने महाराजसाहेबांना, म्हणजे जैन साधूंना, विचारून घेतो असे सांगितले, आणि त्यांनी दिलेला होकार बांना आमच्या चौकटीपेक्षा अधिक उपयोगी पडला असणार.

२६ जून

पूर्ण झालेले पत्रक, देवनागरीत:

'नवकारशी पारीने तरत, पाणी साथे: थायरॉइडनी एक गोळी. अडधा कलाक सुधी चा पण नहीं.
चा-नास्ता पहेलां: डायाबिटीसनी एक गोळी. आखी गळी जवी. भांगवी नहीं, चाववी नहीं. पछी तरत नास्तो करवो.
चा-नास्ता पछी: ब्लडप्रेशरनी एक गोळी.
बपोरे जम्या पछी: कॅल्शियमनी एक गोळी.
सांजे जमतां पहेलां: डायाबिटीसनी एक गोळी. आखी गळी जवी. पछी तरत जमवुं.
सांजे जमती वखते: कोलेस्टेरॉलनी एक गोळी.'

यात घड्याळाची वेळ कुठेही नाही, हे मुद्दाम केले आहे. बडोद्यात सूर्यास्त जूनमध्ये सव्वासातनंतर होतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास. नवकारशी जूनमध्ये पावणेसातच्या सुमारास येते आणि जानेवारीत आठच्या पुढे जाते. 'सांजे सात वागे' छापले असते तर हिवाळ्यात ते बांच्या व्रताविरुद्ध गेले असते, आणि मग त्यांनी व्रत पाळून गोळी सोडली असती. 'आखी गळी जवी', म्हणजे अख्खी गिळायची, हे शब्द एसआर या अक्षरांसाठी आहेत: हे औषध गोळीतून हळूहळू सुटावे अशी तिची बांधणी असते, आणि ती फोडली की बरेचसे औषध एकदम बाहेर येते. गिळायला सोपी जावी म्हणून गोळी दोन तुकडे करून घेणे आमच्याकडे सर्रास चालते. ज्या गोळीवर मधोमध खाच आहे तीही फोडण्याआधी विचारावे, असे वेगळे लिहिले नाही. या बांना अर्धी गोळी घ्यायचीच नसल्याने ते वाक्य फक्त गोंधळ वाढवेल.

२ जुलै

चाचणीची पद्धत ठरली. 'समजाणुं?' असे विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर नेहमीच 'हा, बेटा' असे येते. त्याऐवजी टेबलावर चार वाट्या मांडायच्या, पट्ट्या हातात द्यायच्या आणि 'काले तमे कई गोळी क्यारे लेशो, ते आ वाडकीमां मूकी बतावो', म्हणजे उद्या कोणती गोळी केव्हा घ्याल ते या वाट्यांत ठेवून दाखवा, असे सांगायचे. वाचता येणे आणि करता येणे यांत किती अंतर असते हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले आहे. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षर रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी बरोबर म्हणून दाखवली, पण दिवसभरात एकूण किती गोळ्या, हे जेमतेम ३५ टक्क्यांना मोजून दाखवता आले.

आमच्या बांनी सगळ्या गोळ्या बरोबर ठेवल्या, फक्त कॅल्शियम सकाळच्या वाटीत टाकले. कारण विचारले तर म्हणाल्या, ती गोळी मोठी आणि पांढरी आहे, ती नेहमी सकाळीच घेते. पत्रक बदलून सवय बदलत नाही, म्हणून सून आणि बा दोघींना ही एक ओळ वेगळी समजावली आणि पट्टीवर कागदाची चिकटपट्टी लावून 'बपोरे' लिहून दिले. काही रुग्ण पत्रक वाचू शकत नाहीत आणि घरी वाचणारेही कोणी नसते. त्यांच्यासाठी सध्या ही चिकटपट्टी आणि चित्रे एवढेच आहे.

९ जुलै

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या एका मासींचे पत्रक आले. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि ते चुकून रोज घेतले गेले तर तोंडात व्रण पडतात, रक्तपेशी घटतात, प्राणही जाऊ शकतो. चिठ्ठीत 'आठवड्यातून एकदा, सोमवारी' होते. गुजरातीत 'सोमवारे' लिहून पाहिले तेव्हा बेननी कागद लांब धरला आणि म्हणाल्या की चष्म्याशिवाय त्यांना हे 'सवारे' दिसते आहे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तर नक्कीच दिसेल, आणि साप्ताहिक औषध रोज सकाळचे होऊन बसेल. डॉक्टरांनी वार बदलून गुरुवार केला. वाक्य असे: 'अठवाडियामां एक ज वार, फक्त गुरुवारे. बीजा कोई दिवसे नहीं.' सोबतचे फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी शुक्रवारी दिले आहे. ते वेगळ्या पानावर, वेगळ्या चित्रासह. मेथोट्रेक्सेटची पूर्ण पट्टी एकदम द्यायची नाही, महिन्यापुरत्या चारच गोळ्या मोजून द्यायच्या, हेही ठरले. जास्त गोळ्या घरात नसतील तर त्या दिवसेंदिवस रोज घेतल्या जाण्याचा धोका कमी होतो.

१६ जुलै

'जरूर पडे तो' हा एसओएसचा नेहमीचा अनुवाद. त्यात तीन गोष्टी सुटतात: कशासाठी, किती अंतराने आणि दिवसात जास्तीत जास्त किती. पॅरासिटामॉलच्या चिठ्ठीवर आता डॉक्टर या तिन्ही लिहितात आणि पत्रकात येते: 'ताव के दुखावो होय तो ज एक गोळी. बीजी गोळी छ कलाक पहेलां नहीं. दिवसमां त्रणथी वधारे नहीं.' त्यापुढे 'शरदीनी बीजी दवा साथे लेता पहेलां पूछवुं' ही ओळ जोडली, कारण सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असते आणि घरात ती कोणी औषध म्हणून धरत नाही.

दिवसाआड घ्यायच्या औषधांना 'एकांतरे' लिहून पाहिले. शब्द समजतो, पण काल घेतली होती की नाही हेच आठवत नाही. त्यांना महिन्याचे कॅलेंडर देऊन त्यावर गोळीच्या दिवशी गोल काढून देतो.

२४ जुलै

चातुर्मास सुरू झाला आणि फोन वाढले. बहुतेक एकासण्याबद्दल. परिचारिकेने आज डॉक्टरांना विचारून तिघींच्या सूचना बदलून घेतल्या. एका घरून फोन आलाच नाही, आणि उपवास सुरू झाल्याचे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळले. यापुढे सणांच्या आधी फोन येण्याची वाट न पाहता मधुमेहाच्या रुग्णांना दवाखान्यातूनच फोन जाईल. ती यादी परिचारिका करत आहे.

१ ऑगस्ट

पुरवठादार बदलला आणि रक्तदाबाच्या गोळीची पट्टी निळीऐवजी चंदेरी आली. सुदैवाने पत्रकात आम्ही रंग कुठेच लिहिला नव्हता, पण चिकटपट्ट्या जुन्या पट्ट्यांबरोबर गेल्या होत्या. दोन रुग्णांच्या घरी निळी आणि चंदेरी, दोन्ही पट्ट्या चालू सापडल्या, म्हणजे एकच औषध दुप्पट. आता ब्रँड बदलला की त्या रुग्णाचे पत्रक नव्याने छापायचे, त्यावर नव्या पट्टीचे नाव जसेच्या तसे लिहायचे, 'आ जूनी पट्टीने बदले छे, बन्ने साथे नहीं' ही ओळ वर घ्यायची आणि जुने पत्रक काउंटरवर परत घेऊन फाडायचे. प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात तारीख येईल. आज सात पत्रके नव्याने छापायची आहेत, आणि बांच्या पत्रकात अम्लोडिपिनच्या ओळीखाली नवे नाव घालायचे आहे.